हिरडी दुखत असताना ब्रश नको
"आमची भाटी मांजर कोरडं खाणं तोंडात घेते नि टाकून देते, एका बाजूनंच चावते. आजपासून ब्रश सुरू केला तर सुधारेल काय?"

आज नको. भूक आहे पण चावताना दुखतंय, असाच याचा अर्थ. उजेडात वरचा ओठ हलकेच उचलून मागचे दात बघा. दात हिरडीला मिळतो तिथं लाल रेघ असेल तर हिरडी सुजली आहे. दातावरच लालसर मांस चढल्यासारखं दिसलं आणि तिथं काही लागताच जबडा थरथरला, तर दात आतून झिजतोय. तो ब्रशनं सुधारत नाही, बहुतेकदा काढावाच लागतो. मुळाची अवस्था एक्स-रेशिवाय कळत नाही, म्हणून बेळगावात नेण्याआधी दातांचा एक्स-रे आणि भूल देण्याची सोय आहे का, हे फोनवर विचारा. खाणंच थांबलं तर मात्र एक दिवसही थांबू नका.

तोंड बरं झाल्यावर पहिला आठवडा नुसतं बोट फिरवा, चिकनच्या आळणी पाण्यात बुडवून (त्यात कांदा-लसूण अजिबात नको). मग बोटाला कापड, मग तान्ह्या बाळाचा मऊ ब्रश. तोंड उघडायची गरज नाही. गालाच्या आत ब्रश सरकवून दातांची फक्त बाहेरची बाजू, हिरडीच्या कडेनं, डावीकडं-उजवीकडं प्रत्येकी अर्धा मिनिट घासली की झालं. पेस्ट मांजरांचीच हवी. आपली ते गिळतात, आणि त्यातलं फ्लोराइड पोटात जातं. आठवड्यातून एकदा घासून फारसा उपयोग नाही, थर दोन-चार दिवसांतच कडक होतो.