तार आली आणि गुलाबजाम गेले: पाकाचे अनुभव सांगा

ओसरी

काल रात्री साडेदहाला भाचीचा फोन. मागे झाऱ्याचा खणखणाट. "मावशी, तार आली की गॅस बंद करायचा ना?" मी म्हटलं, करतेयस काय? म्हणे गुलाबजाम. "मग आत्ताच बंद कर. आधी बंद कर, मग बोल."

फोन ठेवला आणि धाकट्या नणंदेचा साखरपुडा आठवला. सव्वीस वर्षं झाली. ऐंशी गुलाबजाम माझ्या अंगावर पडले होते. 'एकतारी पाक' एवढा शब्द कानावरून गेलेला, त्याच जोरावर मी पातेलं चढवलं. चिमटीत तार दिसली तेव्हा कोण आनंद! तरी नीट येऊ दे म्हणून आणखी दोन मिनिटं ठेवला. तळलेले गोळे सोडले, वर ताट झाकलं आणि झोपले.

सकाळी ताट उचललं तर वर साखरेचा पापुद्रा. गुलाबजाम सुरकुतलेले, जास्त वेळ धुणं धुतल्यावर बोटं होतात ना तसे. एक कापला तर मध्ये सुपारीएवढा भाग कोरडा, पांढरा. सासूबाई काही बोलल्या नाहीत. सगळे गोळे झाऱ्याने काढून ठेवले, पाकात तीन वाट्या कढत पाणी घालून साखर विरघळवली, एक उकळी आणली, गॅस बंद केला आणि थोड्या वेळाने गोळे परत सोडले. दुपारपर्यंत पन्नासेक टम्म झाले, काही फुटले, काही शेवटपर्यंत रुसलेलेच. मग हात पुसता पुसता म्हणाल्या, "तार जिलबीला गं. गुलाबजामला बोट चिकटलं की पुरे."

तुमचेही लिहा. फसलेले आधी!

चिंचपाणी

म्हणजे शब्दशः साखर-पुडा 😂😂

ओसरी

हे वाक्य नणंदेचा नवरा गेली सव्वीस वर्षं प्रत्येक जेवणाला म्हणतो. तू सत्ताविसाव्या वर्षात पदार्पण केलंस.

दुपारचा चहा

लिंबू पिळलं नव्हतं का? लिंबू घातलं की तार पटकन येते आणि पाक बिघडतच नाही. मी दर वेळी अख्खं पिळते.

खडीसाखर

लिंबू घालायचंच, पण त्याने तार येत नाही हो. तार येते पाणी उडाल्यावर. आंबटामुळे साखरेचा थोडा भाग फुटतो आणि मग बाकीच्या साखरेचे खडे एकमेकांना धरत नाहीत, एवढंच. अर्धा किलो साखरेला चमचाभर रस खूप झाला. अख्ख्या लिंबाने सरबत होईल.

आमचं घर मिठाईच्या धंद्यातलं, लहानपण कढईजवळ गेलं. त्यामुळे जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

ओसरीताईंच्या सासूबाई बरोबर बोलल्या. गुलाबजाम पाकात रात्रभर राहतो, जिलबी मिनिटभर. सगळा फरक त्यातच आहे. तारेवर आलेल्या पाकात साखर इतकी असते की गरम असेपर्यंतच ती विरघळलेली राहते. गार झाला की पाण्याला तेवढी साखर धरवत नाही, जास्तीची वर आणि कडेला बसते. हाच तुमचा पापुद्रा. शिवाय दाट पाक गोळ्यात शिरत नाही, उलट गोळ्यातलं पाणी बाहेर ओढतो. म्हणून सुरकुत्या आणि म्हणून मधली सुपारी.

जिलबीचं उलट. ती आतून पोकळ नळी. तेलातून निघाली की थेट पाकात, बुडवली, उलटली, बाहेर. पाक पातळ असेल तर त्यातलं पाणी कुरकुरीत कवच मऊ करतं आणि जिलबी हातात लोंबते. तिला तारच हवी. आणि ती खडे बसायच्या आत संपते, त्यामुळे पुढची काळजी नाही.

अनघाची आई

छान समजावलंत. पण तार बघायची कशी ते कुणीच सांगत नाही. मी बघते तेव्हा कधीच नसते आणि बघून वळले की दोनतारी झालेली असते 😭

खडीसाखर

कारण बघताना गॅस चालू ठेवता. चाचणीला अर्धं मिनिट लागतं, तेवढ्यात पातेल्यातला पाक पुढे जातो. गॅस बंद करा, मग पळीचं टोक बुडवून थेंब ताटलीत घ्या. दहा सेकंद थांबा. कढत थेंबाला तार धरत नाही, बोट भाजतं ते वेगळंच. मग अंगठा आणि तर्जनीत धरून हळू उघडा. नुसतं चिकटतंय, ओढ लागते पण तार जन्मतानाच तुटते, तिथे गुलाबजाम. एक तार अर्धा-पाऊण सेंटिमीटर न तुटता टिकते, तिथे जिलबी. कमी वाटलं तर गॅस परत लावता येतो. आणि ओल्या बोटांनी बघू नका, पाण्याने तार मोडते.

पाटावरवंटा

तर्जनी भाजली की आमच्या घरी पाक झाला असं समजतात

वजनकाटा

माझ्या बोटांना तार कळतच नाही. बायको म्हणते तुला काहीच कळत नाही, तो धागा वेगळा. तर मी पातेलं वजन करतो. हसा.

रिकामं पातेलं ६४० ग्रॅम. साखर ५००, पाणी ५००. म्हणजे सुरुवातीला काट्यावर १६४०. उकळताना साखर कुठे जात नाही, जातं ते फक्त पाणी. पातेल्यासकट १४६० झालं की आत ८२० उरलं, म्हणजे ५०० साखर आणि ३२० पाणी. हा गुलाबजामचा पाक. सकाळी एक खडा दिसत नाही. त्याच हिशेबाने १३४० ला, म्हणजे आत ७०० उरलं की, मला कुणीही तार काढून दाखवतं. तेव्हा २०० ग्रॅम पाण्यात ५०० साखर असते. गार पाणी आपल्या वजनाच्या दुपटीहून जरा जास्त साखर धरतं, तिथे अडीचपट झाली. खडीसाखर म्हणतात तेच, फक्त आकड्यात.

काट्यावर आधी लाकडी पाट ठेवून शून्य करा. माझा पहिला काटा गरम पातेल्याने वारला.

चिंचपाणी

काट्याच्या आत्म्याला शांती लाभो. कितव्या मिनिटाला कळलं?

वजनकाटा

आकडा उलटा वाढायला लागला तेव्हा 😑

दुपारचा चहा

एवढं गणित करून कोण गोड खाणार बाई. वाटीला वाटी साखर-पाणी, सहा मिनिटं, झालं.

वजनकाटा

तुमचं पातेलं तेच आणि गॅस तोच असेल तर सहा मिनिटं बरोबर येणारच. पसरट पातेलं घेतलंत की पाणी लवकर उडतं, मग तीच सहा मिनिटं जास्त होतात.

दुपारचा चहा

हम्म. नवीन पॅन आणल्यापासूनच बिघडतंय खरं.

धुक्यातली

मी थर्मामीटरवाली. आम्ही डोंगरावर राहतो, पंधराशे मीटरच्या आसपास. १०५ अंशाला एकतारी असं वाचलं होतं, म्हणून १०५ ची वाट बघत बसले. तोवर पाक दोनतारीच्याही पुढे गेला, जिलब्यांवर काचेसारखा बसला. मुलगा म्हणाला आई, ही बांगडी आहे.

मग भाऊ म्हणाला आधी नुसतं पाणी उकळून बघ. ९५ ला उकळलं! तेव्हापासून उकळत्या पाण्याचा आकडा बघते आणि त्यात पाच मिळवते. माझी तार शंभराला येते.

खडीसाखर

वा. हे आमच्या कढईवर कुणाला माहीत नव्हतं. गुलाबजामला तीन-साडेतीनच मिळवा.

रव्याची बाई

रव्याच्या लाडवाला एकतारी पाक घेतला, लाडू दगड झाले. आता काय करू? पाहुणे संध्याकाळी आहेत

अनघाची आई

अगं हा गुलाबजामचा धागा!

ओसरी

असू दे गं. लाडू फोडून कुस्करा, दुधाचा हबका मारा, मंद गॅसवर झाकण ठेवून दोन वाफा द्या आणि गरम असतानाच वळा. दूध घातलं म्हणजे आजच संपवायचे.

रव्याची बाई

करते. थँक्यू ताई 🙏

पाटावरवंटा

जिलबीवाल्यांना प्रश्न. माझा पहिला घाणा मस्त होतो, दुसरा बरा, तिसऱ्याला पाक आत जातच नाही. पीठ तेच, तेल तेच.

खडीसाखर

पाक मंद गॅसवर ठेवता ना? पाणी उडत राहतं, तिसऱ्या घाण्याला तो दोनतारी झालेला असतो. प्रत्येक घाण्यानंतर तार बघा, दाट वाटला तर चमचा-दोन चमचे कढत पाणी. गार नको. आणि पाक उकळता नको, बोट क्षणभर बुडवता येईल इतपत गरम हवा. उकळत्यात जिलबी लगेच मऊ पडते, गार झालेला पाक नळीत शिरत नाही.

पाटावरवंटा

बोट पुन्हा भाजणार म्हणजे

अनघाची आई

गुलाबजाम कढत पाकात की कोमट? माझी आई कढत म्हणते, सासू कोमट. मी दोघींना हो म्हणते.

ओसरी

आमच्याकडे पाक गरम, गोळा तळून मिनिटभर निवलेला. दोन्ही कढत असले की साल सुटते.

खडीसाखर

आमच्याकडे झाऱ्यातून थेट पाकात जायचे आणि साल सुटायची नाही. पण खवा आमचा, मळणारा हात वडिलांचा. पावडरच्या मिश्रणाचं मला सांगता येणार नाही.

दुपारचा चहा

माझे पावडरचेच, थेट टाकले की फुटतात. म्हणून मी ओसरीताईंच्या बाजूने.

चिंचपाणी

भाचीचं काय झालं पण?? मुख्य नायिका गायब

ओसरी

आत्ताच फोटो आला. टम्म फुगलेत, पापुद्रा नाही. पण पातेल्यात निम्म्याहून जास्त पाक उरलाय. विचारतेय, तो आटवून उद्या जिलबी करू का?

खडीसाखर

नको म्हणावं. त्यात तळणाचं तूप आणि खव्याचा चुरा उतरलेला असतो. आटवायला लागलं की फेस येतो, चुरा तळाला करपतो आणि तार धड दिसत नाही. गाळून फ्रिजमध्ये ठेवा, शिऱ्यात घाला.

ओसरी

सांगितलं. म्हणते, पातेलं गॅसवर चढलंय.