मदत हवी आहे: उत्तरसूचीतल्या चुकीबद्दल सरांना पत्र

दादरच्या क्लासमध्ये अकरावीला आहे. सराव परीक्षेची उत्तरसूची सरांनी काल लावली. हरकत लेखी द्यायची आहे, उद्या संध्याकाळपर्यंत.

प्रश्न असा: २५ मीटर उंच इमारतीच्या गच्चीच्या कडेवरून चेंडू २० मी/से वेगाने सरळ वर फेकला, g = १० मी/से², तर जमिनीवर पडायला किती वेळ? सूचीत ४ सेकंद आहे, माझं उत्तर ५. ४ सेकंदांनी चेंडू फक्त गच्चीच्या पातळीला परत येतो, तेव्हा त्याचा वेग खाली २० असतो. उरलेल्या २५ मीटरना आणखी १ सेकंद लागतो. समीकरणानेही तेच येतं: −25 = 20t − 5t², म्हणून t = 5. हवेचा रोध धरायचा नाही असं प्रश्नातच आहे, आणि माझा संच अन् सूचीचा संच एकच आहे, तेही पाहिलं. (पहिल्यांदा मी चुकीच्या संचाची सूची बघून उगाच घाबरलो होतो.)

पत्राचा मसुदा असा:

"आदरणीय सर, प्रश्न १७ चं उत्तर सूचीत ४ सेकंद आहे. मला ५ सेकंद येतंय. माझी मांडणी सोबत जोडली आहे. माझं कुठे चुकत असेल तर कृपया सांगावं, नाहीतर सूची एकदा तपासून पाहावी ही विनंती."

सर कडक आहेत, पण मुद्दा नीट मांडला तर ऐकतात. "बहुधा इमारतीची उंची धरायची राहिली असावी" हे वाक्य पत्रात घालू का, की ते आगाऊपणाचं वाटेल?