शब्दचर्चा : ‘मारणे’, ‘मरू देणे’ आणि ट्रामचा सांधा

शेवंती
आमच्या वाचनगटासाठी ‘ट्रॉली प्रॉब्लेम’ मराठीत मांडायचं काम माझ्याकडे आलंय. गाडी सुटलेली, रुळावर पाच माणसं, बाजूच्या रुळावर एक; गाडी तिकडे वळवायची का? ‘मारणे’ला अडचण नाही. पण त्याच्यासमोर ‘मरू देणे’ लिहिलं की वाक्य आरोपासारखं वाजतं. ‘त्याने पाच जणांना मरू दिलं’ म्हटलं की माणूस दोषी ठरून मोकळा, आणि तो दोषी आहे का हाच तर प्रश्न आहे. याहून तटस्थ शब्द आहे का?

ऊसकरी
ट्रॉली म्हणजे उसाचीच ना? मागच्या हंगामात आमच्या इथे उतारावर ट्रॉलीची पिन निसटली. रस्त्यावर कुणी नव्हतं म्हणून निभावलं. यात मारणं, मरू देणं कुठे आलं? पिन कुणी नीट लावली नाही ते बघा.

सांधेवाला (निवृत्त)
उसाची नाही हो, रुळावरची. शेवंतीताई, ‘लिव्हर ओढून ट्रॅक चेंज केला’ असलं काही लिहू नका. आम्ही ‘सांधा बदलणे’ म्हणायचो. आणि माझ्या मते प्रश्नच चुकीचा मांडलाय. सांध्यापाशी कोण उभा आहे ते आधी सांगा. मी ड्यूटीवर असताना पाच माणसं गेली तर मी ‘मरू दिलं’. रस्त्याने जाणाऱ्या माणसाने सांध्याला हात लावायचा नसतो, मग त्याने काय ‘दिलं’?

अनवट
सांधेवाल्यांनी नेमकं बोट ठेवलंय. मूळ प्रसंगात सांध्यापाशी कुणीच नाही. तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांच्या १९६७च्या लेखात ट्रामचा चालक आहे. (मूळ शब्द ‘ट्राम’च. ‘ट्रॉली’ हा त्याचा अमेरिकी अवतार. मुंबईत १९६४पर्यंत ट्राम धावत होती, तेव्हा ‘ट्रामचा पेच’ म्हणायला काय हरकत आहे?) गाडी चालकाच्या हातात आहे. सरळ गेला तर तो पाच जणांना मारतो, वळवली तर एकाला मारतो. ‘मरू देणे’ हा पर्यायच त्याच्यापुढे नाही. त्यामुळे फूट यांना त्यात फारसा पेच दिसत नव्हता. दोन्हीकडे मारणंच असेल तर कमी माणसं मरतील तिकडे वळावं.

पेच नंतर झाला. ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी चालकाला बाजूला केलं आणि १९८५च्या लेखात सांध्यापाशी एक बघ्या उभा केला. आता तो काहीच न करता उभा राहिला तर पाच मरतात, पण त्याने मारले नाहीत. सांधा बदलला तर मात्र एकाला त्याने मारलं. मारणं हे मरू देण्याहून वाईट असेल तर त्याने हात खिशात ठेवायला हवेत. तरी बहुतेक लोक म्हणतात, बदलला तर चालेल. त्याच लोकांना विचारा, पुलावरून एका जाडजूड माणसाला रुळावर ढकलून गाडी अडवशील का? नाही म्हणतात. हिशेब तर तोच : एकाला मारणं, नाहीतर पाच जणांना मरू देणं. म्हणजे या दोन उत्तरांतला फरक तरी ‘मारणे–मरू देणे’ या जोडीतून निघत नाही, तो दुसरीकडे शोधावा लागतो.

वकीलसाहेब
कायद्याने हे कधीच मिटवलंय. भारतीय दंड संहितेचं कलम ३२ सांगत होतं की ‘कृती’त ‘अकृती’ही येते. ३६व्या कलमाखालचं उदाहरण बघा : अ हा क्षला थोडं उपाशी ठेवून आणि थोडं मारहाण करून ठार करतो, तर तो खूनच. तेव्हा मारणं आणि मरू देणं एकच.

अनवट
साहेब, एक शब्द गळाला. ‘बेकायदेशीर’ अकृती. जे करायला तुम्ही कायद्याने बांधलेले होतात ते न करणं. तुरुंगाधिकाऱ्याने कैद्याला जेवण न देणं त्यात येतं, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने न देणं येत नाही. हे सांधेवाल्यांचंच म्हणणं झालं.

दुधावरची
मला तत्त्वज्ञान कळत नाही, मराठी कळतं. ‘दूध उतू गेलं’ यात कुणाला बोल नाही. ‘दूध उतू जाऊ दिलंस’ हे गॅसपाशी जिला उभं केलं होतं तिलाच ऐकावं लागतं. वरच्या मजल्यावरच्या काकूंना वास आला तरी त्यांनी दूध ‘उतू जाऊ दिलं’ असं कुणी म्हणत नाही. म्हणजे शेवंतीला जो आरोप ऐकू येतो तो ‘देणे’मध्ये आहेच. ज्याच्या हातात आहे तोच ‘देतो’. तटस्थच हवं असेल तर ‘वाचवलं नाही’ लिही.

शिवाय ‘देणे’त आणखी एक भानगड आहे. ‘गाईला वाफ्यात जाऊ दिलं’ म्हणजे फाटक उघडलं, की उघड्या फाटकातून जाताना हाकललं नाही? वाक्य एकच.

अनवट
ही भानगड फूट यांनाही दिसली होती. त्यांच्या लेखात ‘होऊ देण्या’चे दोन अर्थ वेगळे केलेत. एकात आपण येणारी गोष्ट अडवत नाही. दुसऱ्यात तिला रोखून धरणारा अडसर आपण काढतो. इंग्रजीत दोन्हीला एकच क्रियापद, मराठीतही एकच ‘देणे’. भाषांतरात मात्र ‘अडवलं नाही’ आणि ‘अडसर काढला’ असं फोडून लिहिता येईल.

रात्रपाळी
मी अतिदक्षता विभागात परिचारिका होते, आता सोडलं. व्हेंटिलेटर काढायचा निर्णय झाला की घरचे लोक ‘आता जाऊ द्या त्यांना’ म्हणायचे. महिन्याभराने तीच माणसं भेटून म्हणायची, ‘आम्हीच मारलं हो.’ अरुणा शानबाग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये उपचार थांबवण्याला ‘निष्क्रिय’ म्हटलं, २०१८च्या निकालातही तोच शब्द. पण बटण हाताने बंद करावं लागतं. निष्क्रिय कसं?

अनवट
हा अडसर काढण्याचाच प्रकार. आणि अडसर कुणाचा, यावर शब्द ठरतो. तेच बटण इस्टेटीसाठी टपलेल्या पुतण्याने रात्री गुपचूप बंद केलं तर त्याने ‘जाऊ दिलं’ असं तुम्ही म्हणणार नाही, ‘मारलं’ म्हणाल. हाताची हालचाल मात्र तीच. जेफ मॅकमहान यांचा युक्तिवाद याच वळणाचा आहे : जो आधार मीच देत होतो तो मी काढून घेणं वेगळं, दुसऱ्याने दिलेला आधार काढणं वेगळं. हात हलला की नाही यावरून काही ठरत नाही.

रात्रपाळी
कळलं. त्या घरच्या लोकांना हे सांगून काही उपयोग झाला असता असं मात्र वाटत नाही.

शेवंती
मग बघ्याने सांधा बदलावा की नाही? शेवटी काय लिहू?

अनवट
थॉमसन यांनीच २००८ मध्ये मत फिरवलं. त्यांनी बघ्याला तिसरा रूळ दिला, ज्यावर तो स्वतः उभा आहे. पाच जणांसाठी स्वतःवर गाडी घ्यायला जो तयार नाही त्याने ती किंमत दुसऱ्याच्या माथी कशी मारावी? म्हणून बदलू नये. मला अजून पटलेलं नाही. स्वतःवर घेणं कुणाला बंधनकारक नाही, हे मान्य. पण त्यातून दुसऱ्यावर वळवायला मनाई कशी निघते?

आणि ऊसकरींची पिन आपण उगाच बाजूला टाकली. ब्रेक न तपासल्याने गाडी सुटली आणि सांध्यापाशी तोच निष्काळजी माणूस आहे. तो गप्प राहिला तर पाच जणांना त्याने मारलं असंच होईल. मग चालकासारखं त्याने वळवावी? थांबा. एका डॉक्टरच्या चुकीच्या औषधाने पाच रोग्यांचे अवयव निकामी झालेत. धडधाकट माणूस कापून त्याचे अवयव दिले नाहीत तर पाच जणांना डॉक्टरने मारलेलं ठरेल. तरी कापायला कुणी हो म्हणणार नाही.

सांधेवाला (निवृत्त)
ब्रेक न तपासणाऱ्याला सांध्याजवळ फिरकू देऊच नये.

ऊसकरी
पिन कुणी लावली होती ते आमच्याकडे अजून कबूल करत नाहीत.