मदत हवी आहे: घड्याळात दाराची चावी, पण घड्याळच बंद पडलं तर?

आमच्या दाराचं स्मार्ट लॉक ॲपल वॉच टेकवून उघडतं. परवा रात्री घड्याळाची बॅटरी संपली आणि फोन घरातच होता. पावसात भिजलेलं बोट लॉक ओळखेना. लोखंडी चावी मात्र कुठे? तर घरातल्याच कपाटात! (हसू नका.) शेवटी बायको येईपर्यंत तासभर जिन्यात बसलो.

बंद पडलेल्या आयफोनवर एक्सप्रेस मोडमधली, म्हणजे फोन अनलॉक न करता नुसता टेकवून चालणारी चावी जास्तीत जास्त 5 तास चालते, पण माझं घड्याळ मेल्यावर काहीच झालं नाही. सेटिंग चुकलंय का? शिवाय मनगटावरून काढलं की ते कुलूपबंद होतं, मग पासकोड टाकल्याशिवाय दार उघडत नाही. वडिलांना हे जमणार नाही.

लॉकचे स्वतःचे सेल संपले, तर बाहेरून 9 व्होल्टची बॅटरी टेकवून आकडे दाबता येतात. ती बॅटरी गाडीत ठेवलीय. पण लोखंडी चावी कुठे ठेवावी? शेजारच्या काकूंकडे द्यावी, तर त्या दोन-दोन महिने गावी असतात. आकड्यांची किल्लीपेटी जिन्यात लावलेलं कुणी आहे का? गंज, चोरी, काय अनुभव?