मदत हवी आहे: रोज रात्री दीडच्या सुमारास नवऱ्याचा डावा डोळा फुटेल इतका दुखतो

कृष्णाकाठ
नवरा 39 वर्षांचा. बारा दिवस झाले, झोप लागून दोनेक तास होतात न होतात तोच डावा डोळा धरून उठतो. म्हणतो, डोळ्यामागून कोणी तापलेली सळई घालतंय. डाव्या डोळ्यातून पाण्याची धार, तो लालभडक, पापणी अर्धी मिटलेली, आणि नाकही फक्त डावीकडूनच गळतं. उजवी बाजू अगदी कोरडी. पडून राहवत नाही. स्वयंपाकघरात फेऱ्या मारतो, ओट्याच्या कडेवर कपाळ दाबून धरतो. मी जवळ गेले तर खेकसतो, एरवी आवाज चढवणारा माणूस नाही तो. तासाभरात सगळं ओसरतं आणि सकाळी डबा घेऊन कामावर जातो.

फॅमिली डॉक्टर म्हणाले सायनस, पाच दिवस अँटिबायोटिक झालं. डोळ्याच्या डॉक्टरांनी प्रेशर मोजलं, नॉर्मल. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत असंच झालं होतं, तेव्हा वरची डावी दाढ काढली. आता तिथे दाढच नाही आणि दुखणं तेच. हे मायग्रेन आहे का? कोणाकडे जावं?

आजीचाबटवा
ताई, ही अर्धशिशी. अर्धं डोकं दुखतं म्हणूनच तर ते नाव. माझ्या सासूबाईंना ऊन चढेल तसं चढायचं नि कलतीला उतरायचं. सकाळी उठल्याबरोबर गरम जिलबी आणि दूध द्या, आणि नाकात साजूक तुपाचे दोन थेंब.

चष्मेबद्दूर
मलाही उजवीकडेच दुखतं. मॉलमधले दिवे नि अत्तराचा वास डोक्यात जातो. मग दीड दिवस खोलीत अंधार करून पडून राहायचं, कोणी ताट वाजवलं तरी उलटी होते. मी चीज बंद केल्यापासून फरक आहे. यजमान चीज खातात का?

कृष्णाकाठ
चीज आमच्याकडे येतच नाही :) आणि आजीचाबटवा, यांचं रात्रीच असतं हो, सूर्याचा काही संबंध नाही.

हातोडीवाला_डॉक
मी न्यूरॉलॉजीत काम करतो. इथे बसून निदान करणार नाही, पण काही विचारतो. रोज किती वाजता सुरू होतं आणि किती वाजता थांबतं? अंदाज नको, घड्याळ बघून सांगा. मागच्या वेळी किती आठवडे चाललं? मधल्या काळात काहीच नव्हतं का? आणि या बारा दिवसांत दारू झाली का?

कृष्णाकाठ
दिनदर्शिकेवर लिहिलंय तेच देते. सोमवार 1:40 ते 2:35. मंगळवार 1:30 ते 2:20. बुधवारी दोनदा, 1:35 ते 2:30 आणि परत 4:10 ते 4:50. गुरुवारी काही नाही, मला वाटलं सुटलो. शुक्रवार 1:45 ते 2:50.
दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर लागलं ते संक्रांतीच्या आधी थांबलं. मध्ये एकदाही नाही. गेल्या शनिवारी भाच्याच्या हळदीला एक पेग घेतला, अर्ध्या तासात तिथेच सुरू झालं, संध्याकाळी आठला. पण मे महिन्यात गोव्याला चार दिवस रोज घेत होता, तेव्हा डोकं ठणठणीत.
एक राहिलं. गोळी घेतली की तासाभरात उतरतं, म्हणजे गोळी लागू पडते ना?

हातोडीवाला_डॉक
तुमच्या दिनदर्शिकेने अर्धं काम केलंय. गोळीचं आधी. बुधवारी पहाटे 4:10 ला गोळी दिली होती का?

कृष्णाकाठ
नाही, एक दीडलाच दिली होती म्हणून दुसरी दिली नाही.

हातोडीवाला_डॉक
तरी 4:50 ला थांबलंच. पोटातून रक्तात जाऊन गोळीचं काम सुरू व्हायलाच पाऊणएक तास लागतो, तोवर हे दुखणं आपल्या वाटेने निघालेलं असतं. श्रेय मात्र गोळीला जातं. दाढ काढल्यावर दुखणं थांबलं तेव्हाही बहुधा हेच झालं असेल, हंगामच संपत आला असणार.

हे चित्र क्लस्टर डोकेदुखीशी जुळतं. एका बाजूला दुखतं म्हणून नव्हे, मायग्रेनही एका बाजूला दुखू शकतं. फरक घड्याळात आहे. मायग्रेनचा झटका औषध न घेतल्यास चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतो, वरचे चष्मेबद्दूर दीड दिवस अंधारात पडून असतात तसा. क्लस्टरचा पंधरा मिनिटांपासून तीन तासांत आटोपतो, पण परत येतो, कधी दिवसाआड तर कधी दिवसात आठ वेळा. तोही बऱ्याचदा ठरल्या वेळी, झोप लागल्यावर तास-दोन तासांनी. असे काही आठवडे, मग महिनोन्‌महिने काही नाही, आणि पुष्कळांना वर्षाच्या त्याच सुमारास पुन्हा. झोपेचं घड्याळ चालवणारा मेंदूतला हायपोथॅलॅमस यात गुंतलेला असतो. दारूचंही तसंच: हंगामात एक पेग पुरतो, हंगामाबाहेर काही होत नाही.

दुसरी खूण तुम्ही स्वतःच लिहिलीत. मायग्रेनवाला हलायला तयार नसतो, हा एका जागी थांबू शकत नाही.

चष्मेबद्दूर
पण माझ्याही डोळ्यातून पाणी येतं की.

हातोडीवाला_डॉक
येऊ शकतं, मायग्रेनमध्येही. म्हणून तर नुसत्या पाण्यावर जात नाही.

टाकीवाला_मामा
अकरा वर्षं याच दुखण्याचा धनी आहे, दर फेब्रुवारीत हजर. मला उपयोग होतो तो ऑक्सिजनचा. पण नीट ऐका, कारण माझं पहिलं वर्ष यात वाया गेलं. कोविडच्या वेळी लोकांनी घेतलेलं पाच लिटरचं यंत्र पुरत नाही. मोठी टाकी लागते, मिनिटाला 12 ते 15 लिटर सोडणारा रेग्युलेटर, आणि पिशवी लावलेला मास्क, नाकातली नळी नव्हे. ताठ बसून पंधरा मिनिटं. मी दुखणं चढायच्या आत लावतो, उशीर झाला तर तितकासा गुण येत नाही. टाकीजवळ बिडी-काडी, निरांजन काही नको. आमच्या गावच्या दुकानदाराने 'डोकं दुखतं म्हणून टाकी?' असं म्हणून मला परत पाठवलं होतं, तेव्हा चिठ्ठीवर लिटर नि मास्क दोन्ही लिहून घ्या.

हातोडीवाला_डॉक
मामांचं बरोबर आहे, पण चिठ्ठी डॉक्टरांची हवी, फुफ्फुसाचा जुना आजार असेल तर आधी सांगा. झटक्यासाठी सुमाट्रिप्टानचं कातडीखालचं इंजेक्शनही असतं, हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेलं बीपी असेल तर ते चालत नाही. हंगामभर झटके रोखायला बहुधा व्हेरापामिल देतात, त्यासाठी आधी आणि डोस वाढवताना ईसीजी काढावा लागतो. ते लागू पडायला वेळ जातो, म्हणून मधल्या दिवसांसाठी थोडे दिवस स्टेरॉइड देतात. यातलं काहीही घरच्या घरी सुरू करू नका, न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. ते बहुधा एकदा मेंदूचा एमआरआयही सांगतील.

आजीचाबटवा
मग एमआरआय कशाला? नॉर्मलच येतो म्हणे.

हातोडीवाला_डॉक
बहुतेकदा नॉर्मलच येतो. पण पिट्युटरीजवळची गाठ क्वचित हेच सोंग घेते, म्हणून एकदा बघतो. ताई, डोळ्याचं प्रेशर दिवसा, दुखत नसताना मोजलं ना? दुखत असताना नजर धूसर होते का, दिव्याभोवती वलय दिसतं का, हे त्यांना विचारा. आणि दुखणं थांबल्यावरही पापणी पडलेलीच राहिली, किंवा ताप, मान ताठ, हातापायातली ताकद कमी असं काही दिसलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता इमर्जन्सीत जायचं.

कृष्णाकाठ
विचारलं. वलय नाही, नजर साफ असते. पापणीचं मात्र मला खात्रीने सांगता येईना, म्हणून आत्ता झोपायच्या आधी चेहऱ्याचा फोटो काढून ठेवलाय, सकाळी दुसरा काढेन. न्यूरॉलॉजिस्टची वेळ गुरुवारची मिळालीय, तिथे दिनदर्शिकेचं पान फाडूनच नेते. एक विचारायचं राहिलं: पुढच्या आठवड्यात याची रात्रपाळी आहे. दिवसा झोपला तर हे दुपारी येईल का?

टाकीवाला_मामा
माझं पाळी बदलल्यावर चार दिवस गोंधळलं, मग झोपेच्या मागोमाग गेलं. दुसऱ्या एकाचं रात्रीलाच चिकटून राहिलं होतं. तुमच्याकडे काय होतं ते लिहा.