पोट भरलेलं असतानाही रात्री चिवड्याचा डबा का खुणावतो? (मदत हवी आहे)

मृण्मयी_ठाणे

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे रात्रीचं जेवण साडेआठला होतं. दोन पोळ्या, भाजी, आमटी-भात, वर वाटीभर ताक. भाताचा शेवटचा घास नको वाटावा इतकं पोट भरतं. तरी दहाच्या सुमारास सगळं आवरून टीव्हीसमोर बसले की चिवडा नाहीतर बाकरवडी डोळ्यासमोर येते. पोट जड आहे हे तेव्हाही जाणवत असतं. वाटीभर चिवडा खाते, कधी दुसरी वाटीही होते, आणि मग झोपताना छातीशी जळजळतं.

नुकत्याच केलेल्या तपासणीत एचबीएवनसी ६.१ आला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, रात्रीचं खाणं बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळी चालू नाही. बंद करायची माझी तयारी आहे, पण पोट भरलेलं असताना हे होतं तरी कसं, ते मला समजून घ्यायचं आहे. आणि खरी भूक कुठली, ही कुठली, हे त्या वेळी ओळखायचं कसं? फरसाण आणणंच बंद करा असं कृपया सांगू नका. सासऱ्यांना आणि मुलाला संध्याकाळी ते लागतं.

राजू_मिरज

ताई, ही भूक नसून तहान असते. मेंदूची गल्लत होते. दोन ग्लास कोमट पाणी प्या, पाच मिनिटांत इच्छा जाईल. आणि जेवताना सावकाश चावून खा. पोट भरल्याचा निरोप वरपर्यंत पोचायला वीस मिनिटं लागतात.

सुलभा_काकू

मृण्मयी, जंतांचं औषध घेतलंस का गं? आमच्या धाकट्याला लहानपणी असंच व्हायचं, जेवून उठला की परत खायला मागायचा. डॉक्टरांना विचारून एकदा घेऊन टाक.

अनघा_शरीरक्रिया

मृण्मयीताई, मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. तुमचा ओळखण्याचा प्रश्न आधी घेते, कारण तो आज रात्रीच तपासता येईल.

दहा वाजता चिवडा आठवला की स्वतःला विचारा: आत्ता समोर आजच्याच जेवणातली गार पोळी आणि उरलेली भाजी आली, तर खाईन का? खरी भूक फारशी निवड करत नाही, शिळी पोळीही तिला चालते. "पोळी नको, चिवडाच हवा" असं उत्तर आलं, तर ती पोटाची मागणी नाही. आणखी एक खूण म्हणजे खरी भूक हळूहळू चढते आणि टीव्ही बंद केला म्हणून जात नाही. तुमची इच्छा बहुधा एकदम येते, तीही त्याच खुर्चीत आणि त्याच वेळी.

आता कारण. १९८१ साली बार्बरा रोल्स, एडमंड रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एक पदार्थ पोटभर खायला दिला. आधी आणि नंतर वेगवेगळे पदार्थ किती चांगले लागतात तेही विचारलं. जो पदार्थ पोटभर खाल्ला होता त्याची गोडी बरीच उतरली, न खाल्लेल्या पदार्थांची मात्र जवळपास तशीच राहिली. हा फरक खाणं संपल्यावर दोनच मिनिटांत दिसत होता. तेवढ्यात अन्न पचून रक्तात उतरत नाही. म्हणजे कंटाळा येतो तो त्या विशिष्ट चवीचा, वासाचा, दाताखालच्या स्पर्शाचा. त्याच सुमारास केलेल्या दुसऱ्या प्रयोगात एकाच सारणाच्या सँडविचऐवजी चार वेगवेगळ्या सारणांची सँडविचेस एकामागून एक दिली, तर लोकांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्लं.

तुमचंच ताट घ्या. पोळी मऊ, भाजी मऊ, आमटी-भात मऊ, ताक पातळ. या सगळ्याला जीभ विटलेली असते, म्हणून भाताचा शेवटचा घास नकोसा होतो. त्या ताटात कुरकुरीत काहीच नव्हतं, तळलेल्या दाण्याचा आणि खोबऱ्याच्या कापाचा खमंगपणा नव्हता, आंबट-गोड-तिखट एकत्र नव्हतं. चिवड्यात हे सगळं असतं. आमटी-भाताने पोट भरलं, तरी चिवड्याची गोडी जिथल्या तिथे राहिली.

राजूदादा, सावकाश खाण्याचं म्हणणं योग्य आहे. भरभर जेवणारा माणूस पोटाची खबर लागायच्या आत जास्त खाऊन बसतो. पण ताईंच्या जेवणाला दीड तास उलटून गेलाय आणि पोट जड आहे हे त्या स्वतःच सांगतायत. निरोप पोचला आहे. तहानेचंही तसंच. तहान असती तर पाणी आठवलं असतं, बाकरवडी नाही.

खवय्या_सोलापूर

अनघाताईंचं वाचून लग्नाच्या पंगतीची आठवण झाली. मसालेभाताला नको नको म्हणणारा माणूस जिलेबी आली की चार घेतो. मला मात्र एक कळत नाही. शेंगदाण्याची चटणी लावून कडक भाकरी खाल्ली, कुरकुरीत आणि खमंग दोन्ही झालं, तरी नंतर शेव लागतेच. आणि खरं सांगायचं तर दहाव्या घासाला ती शेव काही विशेष लागत नाही. हात तरी चालूच असतो. तिथे गोडी कुठे राहिली?

अनघा_शरीरक्रिया

तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. आवडणं आणि हवंसं वाटणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी यावर बरीच वर्षं काम केलंय. त्यांच्या प्रयोगातल्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलं होतं. ते उंदीर स्वतःहून अन्नाकडे जात नव्हते, नळीने भरवलं नाही तर उपाशी मेले असते. पण तोंडात साखरेचं पाणी सोडलं की इतर उंदरांसारखेच ओठ चाटायचे. गोड त्यांना आवडत होतं, फक्त ते मिळवायची ओढ गेली होती.

माणसाच्या बाबतीत नेहमी दिसतं ते याच्या उलट. आवड उतरते, ओढ राहते. आणि ओढ जागी होते ती खुणांनी: डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज, मालिकेचं शीर्षकगीत, ती ठरावीक खुर्ची. मृण्मयीताई, दुसऱ्या वाटीच्या वेळी मुद्दाम लक्ष द्या. एक घास तोंडात असताना टीव्हीकडे न बघता तो पहिल्या घासाइतका छान लागतोय का ते पाहा.

विनय_पनवेल

धाग्याचा विषय थोडा वेगळा आहे, पण माझं सांगतो. वडिलांना मधुमेहाची गोळी चालू आहे. त्यांनाही रात्री अकराच्या पुढे खायची इच्छा व्हायची. आम्ही सगळे त्यांना "तुमची जीभच वाईट" म्हणायचो. मग एकदा घाम सुटला, हात थरथरायला लागले. साखर मोजली तर ५८. तेव्हा "खरी भूक नाही" असं ठरवून कुणाला अडवायचं म्हणजे मला भीतीच वाटते.

अनघा_शरीरक्रिया

विनय, विषय अजिबात वेगळा नाही आणि हे लिहिलंत ते फार बरं केलंत. इन्सुलिन किंवा साखर पाडणाऱ्या काही गोळ्या चालू असतील आणि रात्री भुकेबरोबर घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होत असेल, तर पोळीची परीक्षा घेत बसू नका. लगेच साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर आधी साखर किंवा ग्लुकोज द्या आणि मग डॉक्टरांना कळवून गोळीचं प्रमाण तपासून घ्या. मृण्मयीताईंना औषध चालू नाही, म्हणून त्यांना मी वेगळं सांगितलं.

मृण्मयी_ठाणे

सगळ्यांचे आभार. सुलभाकाकू, माझ्या बाबतीत जंतांचं नसावं, वजन कमी होत नाहीये, उलट वाढलंय. डॉक्टरांना तरी विचारते.

पोळीचा प्रश्न रोज विचारून पाहिला. बहुतेक रात्री उत्तर "नको" असंच आलं, अगदी ठामपणे. दुधीची भाजी डोळ्यासमोर आणली तरी तोंड फिरायचं. पण चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी कामाच्या गडबडीत दुपारी नुसता डबाभर उपमा झाला होता आणि रात्रीही एकच पोळी. त्या रात्री खरंच गार पोळी खावीशी वाटली. तुपाचं बोट लावून अर्धी खाल्ली आणि चिवडा आठवलाही नाही. हे दोन प्रसंग शेजारी ठेवल्यावर फरक मला पहिल्यांदा अंगात जाणवला.

दुसऱ्या वाटीचंही पाहिलं. पहिले तीन-चार घास सुंदर: कढीपत्ता कुरकुरतो, मध्येच डाळ्याचा दाणा लागतो. नंतर चव सपाट होते, नुसतं मीठ आणि तेल. तरी हात जातो, हे खवय्यांनी लिहिलंय तसंच.

आता असं केलंय. दोन चमचे चिवडा वाटीत घेऊन जेवणाच्या ताटातच ठेवते आणि जेवण झाल्यावर डबा वरच्या फळीवर, स्टुलाशिवाय हात पोचणार नाही असा. तुमचं मत?

राजू_मिरज

हे उलटंच होईल बघा. वर अनघाताईंनीच लिहिलंय की विविधता वाढली की माणूस जास्त खातो. ताटात चिवडा आला म्हणजे जेवण वाढलं!

अनघा_शरीरक्रिया

शंका बरोबर आहे. ताटात नुसती भर पडली तर खाणं वाढेलच. म्हणून चिवड्याच्या बदल्यात काहीतरी कमी व्हायला हवं, अर्धी पोळी किंवा भात. तळलेल्या चिवड्यात १०० ग्रॅममागे ५०० च्या आसपास कॅलरी असतात, त्यामुळे दोन चमचे ते दोन चमचेच राहायला हवेत. कुरकुरीतपणाची गरज भाजलेला पापड, काकडीची कोशिंबीर, मुळ्याच्या चकत्या यांनीही काही अंशी भागते. चिवड्याइतकी नाही, पण जीभ सगळ्या मऊ ताटावरून उठत नाही. फळीचा उपाय मला जास्त आवडला. खूणच डोळ्याआड गेली की ओढ जागी व्हायची संधी कमी.

विनय_पनवेल

अनघाताई, एक शंका. रोज दहाला खायची सवय वर्षानुवर्षं असेल, तर शरीर त्या वेळी खरोखरच भूक तयार करत असेल ना? मग तिला खोटी कसं म्हणायचं?

अनघा_शरीरक्रिया

याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलेलं घ्रेलिन हे भूक वाढवणारं संप्रेरक जठरातून येतं, आणि ते माणसाच्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी चढतं. म्हणजे शरीर घड्याळ शिकतं. रात्री दहाच्या वाटीभर चिवड्यालाही ते असंच शिकत असेल, तर "जिभेची" आणि "पोटाची" भूक या रेषेला तिथे फारसा अर्थ उरत नाही. वेळ बदलली की काही दिवसांत ही शिकवण पुसट होते, असा माझा अंदाज आहे. पण पोट जड असतानाही ती टिकते का, आणि टिकलीच तर किती दिवस, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. मृण्मयीताई, फळीवर डबा गेल्यापासून दहाची ओढ रोज तितकीच असते की उतरतेय, ते इथे लिहीत राहाल का?

मृण्मयी_ठाणे

लिहीन. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे, तोही आकडा टाकते.

सुलभा_काकू

आणि गं, चिवडा पोहे भाजून, कमी तेलात करून बघ. फोडणीत तीळ आणि बडीशेप जास्त घाल. नातवाला कळलंसुद्धा नाही. कृती हवी असेल तर सांग.