मदत हवी आहे: एआय लेखन-टूलने काम खरंच वाढलं का, हे कसं मोजू?

नीता_पावस: रत्नागिरीजवळच्या आंबा कॅनिंग कारखान्याच्या ऑफिसात आहे. खरेदीदारांच्या मेलना आम्ही आठ जण उत्तरं लिहितो. मे महिन्यात चौघांनी हौसेने एआय टूल वापरायला घेतलं. जूनअखेर त्यांची उत्तरं माणशी दिवसाला पाचवरून सातवर गेली. आता मालक सगळ्यांसाठी वर्षाची वर्गणी भरणार आहेत. पण हे चौघे आधीपासूनच चपळ, आणि सहीसाठी माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत दुरुस्त्या वाढल्यात. परवा एकाने पल्पचे डबे चेपल्याची तक्रार केली. किती डबे चेपले एवढंच विचारायचं होतं, तर मसुद्यात "बदली माल पाठवतो" असं वचनच! चाचणी कशी घेऊ?

बाबू_देवगड: चिठ्ठ्या टाका. चौघांना टूल, चौघांना नाही. महिनाभर बघा.

दापोलीचा_सुहास: चिठ्ठी बरोबर, पण माणसांवर नको. आठांत एकच फार वेगवान असला, तर तो ज्या बाजूला जाईल ती बाजू जिंकते. चिठ्ठी प्रत्येक मेलवर काढा. तक्रारींचा एक डबा, दरपत्रकांचा दुसरा. दोन्हींत 'टूल' आणि 'हात' सारख्याच चिठ्ठ्या. आधी मेलचा नंबर आवक रजिस्टरात लिहायचा, मगच चिठ्ठी. 'टूल' निघूनही कोणी हाताने लिहिलं, तरी ते पत्र टूलच्याच खात्यात धरा. नाहीतर किचकट पत्रं गुपचूप 'हात'कडे सरकतात आणि टूल उगाच वेगवान दिसतं.

घड्याळ मेल उघडल्यापासून तुमच्या सहीपर्यंत, तुमच्या दुरुस्तीची मिनिटं धरून. मसुदा कसा लिहिलाय हे तुम्हाला कळू देऊ नका. आणि "वेग वाढला का" असं विचारून निकाल लावू नका. मेटर संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांच्या २४६ कामांवर अशीच कामागणिक चिठ्ठी काढली होती. त्यांना वाटलं २० टक्के वेळ वाचला. प्रत्यक्षात १९ टक्के जास्त लागला. ते काम कोडचं होतं, पत्रांचं नव्हे, पण अंदाज किती चुकतो ते दिसतं.

न्याहारी_मालवण: माझ्या होमस्टेच्या बुकिंगच्या उत्तरांना मराठीत कुठलं टूल चांगलं?

नीता_पावस: ताई, त्याचा वेगळा धागा काढा ना. सुहासदादा, किती पत्रं लागतील?

दापोलीचा_सुहास: सरासरी २० मिनिटं लागत असतील आणि चढउतार १० मिनिटांचा असेल, तर ४ मिनिटांचा फरक पकडायला प्रत्येक बाजूला साधारण १०० पत्रं. तुमच्याकडे आठवडाभरात होतील, तरी महिनाभर चालू ठेवा. नव्याची नवलाई उतरू दे.

नीता_पावस: एक अडचण. टूलने दिलेली वाक्यं लोक वहीत उतरवून ठेवतात आणि 'हात'च्या पत्रांतही घालतात.

दापोलीचा_सुहास: मग फरक खऱ्यापेक्षा कमी दिसेल. आठवड्याआड टूल बंद ठेवता येईल, पण मग हंगामाची गडबड आकड्यांत शिरते. यावर पक्का तोडगा माझ्याकडे नाही. निदान वह्या कधीपासून भरल्या, ते विचारून ठेवा.

बाबू_देवगड: पाऊस पडला की कॅनिंग थांबतं, मेलही कमी होतात. मे आणि जूनची तुलना तिथेच फसली की.